जुन्या मैत्रिणीच्या स्टेटसला उत्तर देताना

"ताई, मी मूळची नांदेडची, वय ३१, सध्या वारज्यात राहते. कर्वेनगरला हॉस्टेलवर माझी जी रूममेट होती ती आता पिंपळे सौदागरला असते. भांडण वगैरे काही झालं नाही, पण लग्न, नोकरी, करोना या सगळ्यात चार वर्षांपूर्वी बोलणं थांबलं. तिचे स्टेटस मी रोज बघते. मी बघते हे तिलाही दिसत असणार, त्यामुळे आता अचानक मेसेज करायला जास्तच अवघड वाटतं. कधी 'मस्त' लिहिलं तर ती 'थँक्यू' म्हणते आणि तिथंच संपतं. परवा तिनं सिंहगडावरच्या दह्याच्या मडक्यांचा फोटो टाकला होता. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, तेवढ्यात स्टेटसच गेलं. मी स्वतः सहसा काही टाकत नाही. नक्की काय लिहायचं, सांगाल का?"

आज तिला एवढंच पाठव: "परवा तुझ्या स्टेटसला सिंहगडावरची दह्याची मडकी बघितली आणि तोंडाला पाणीच सुटलं. आतकरवाडीकडून चढून गेलीस की गाडीनं?"

स्टेटस गेलं म्हणून संधी गेली असं नाही. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तास टिकतं. त्या वेळात उत्तर दिलं की तुझ्या ओळीवर त्या फोटोचं छोटं चित्र आपोआप लागतं आणि 'मी कशाबद्दल बोलतेय' हे वेगळं सांगावं लागत नाही. चोवीस तास उलटून गेले की तो संदर्भ तुला स्वतः द्यावा लागतो, इतकाच फरक. 'परवा तुझ्या स्टेटसला बघितलं' या चार शब्दांत तो देऊन होतो. दोन-तीन दिवसांपर्यंत हे अगदी सहज वाटतं. महिन्यापूर्वीच्या फोटोबद्दल असं विचारलं तर मात्र समोरच्याला जरा चमकल्यासारखं होतं, त्यामुळे तेव्हा पुढच्या स्टेटसची वाट बघावी.

मी कोथरूडमध्ये समुपदेशनाचं काम करते. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला किंवा नोकरीला येऊन इथंच राहिलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांची अडचण तुझ्यासारखीच असते. माणसं फोनमध्ये आहेत, रोज दिसतात, पण बोलणं होत नाही. त्यांच्याबरोबर आम्ही समोर बसून असे मेसेज लिहितो, पाठवतो, आलेलं उत्तर वाचतो आणि पुढचं ठरवतो. त्या कामातून जे कळलंय ते तुझ्या उदाहरणावर सांगते.

आधी तुझी भीती घेऊ. तुला वाटतं की इतके दिवस बघणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव दिसतंय आणि तू बोलत नाहीस, हे तिला खटकत असेल. पण त्या यादीकडे दुसऱ्या बाजूनं बघ. व्हॉट्सॲपवर कुणाचंही स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. एकाच बाजूला असून भागत नाही. म्हणजे तिचा सिंहगड तुला दिसला याचा अर्थ तुझा नंबर आजही तिच्या फोनमध्ये तुझ्या नावानं आहे. शिवाय ठरावीक माणसांना आपलं स्टेटस दिसू नये अशी सोय त्यात आहे, आणि तुझ्या बाबतीत तिनं ती वापरलेली नाही. यावरून तिला तुझी रोज आठवण येते असं ठरवू नकोस, कारण नंबर नुसता पडून राहिलेलाही असू शकतो. पण दार तिनं लावलेलं नाही, एवढं नक्की कळतं. पहिल्या मेसेजला तेवढं पुरतं.

'अचानक' या शब्दाचीही तुला उगाच धास्ती आहे. संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं: संपर्क तुटलेल्या ओळखीच्या माणसाला आपण छोटासा निरोप पाठवला तर त्याला तो किती भावेल. पाठवणाऱ्यांचा अंदाज सतत कमी निघाला, आणि ज्यांना निरोप अगदी अनपेक्षितपणे आला त्यांना तो जास्त भावला. म्हणजे तू जिला अडचण समजतेस तीच गोष्ट तुझ्या बाजूची आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या बाबतीतही मी हेच बघत आलेय. "अगं तू! किती दिवसांनी!" अशी सुरुवात झालेली उत्तरं मी पुष्कळ वाचली आहेत. "आत्ता का मेसेज केलास?" असं उत्तर मात्र फार क्वचित.

आता 'मस्त' तिथंच का संपतं, ते बघू. 'मस्त', 'भारी', 'वॉव', 'सुंदर फोटो' हे सगळे शेरे आहेत. शेऱ्याला एकच उत्तर असतं, ते म्हणजे आभार, आणि आभार मानले की दोघींचंही काम झालं. तुझी मैत्रीण थंडपणे वागत नाहीये. तू तिच्या हातात दिलंस त्याला जे उत्तर असू शकतं तेच ती देतेय. इमोजीचंही तसंच. स्टेटसखालून पाठवलेली इमोजी चॅटमध्ये मेसेज म्हणून पोचते खरी, पण तिच्यावर काय बोलायचं? २०२४ पासून स्टेटसला हृदयाची खूण करता येते. ती तर चॅटमध्ये जातही नाही, बघणाऱ्यांच्या यादीत तुझ्या नावापाशी दिसते आणि मैत्रिणीशिवाय कुणाला दिसतही नाही. ज्या दिवशी बोलायचं त्राण नाही पण 'बघितलं हं, आवडलं' एवढं कळवायचंय, त्या दिवशी ती खूण चांगली. ती करून 'मी सुरुवात केली, आता ती बोलेल' अशी वाट मात्र बघायची नाही.

मी सुचवलेल्या ओळीत दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे फोटोतली एकच नेमकी वस्तू. सिंहगड नाही, पाऊस नाही, 'काय व्ह्यू आहे' नाही, तर दह्याची मडकी. नेमकं काहीतरी उचललं की समोरच्याला कळतं की हिनं बोट सरकवत पुढं न जाता थांबून बघितलंय. त्याच वाक्यात तुझं स्वतःचंही थोडंसं येतं, 'तोंडाला पाणी सुटलं'. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर फोटोत नाही पण फोटोच्या अगदी शेजारी आहे. ती तिथवर कशी पोचली, फोटो काढून झाल्यावर काय झालं, बरोबर काय खाल्लं. असा प्रश्न एका ओळीत उत्तर देता येईल इतका सोपा हवा. 'चढून की गाडीनं' याला ती ट्रॅफिकमध्ये उभी असतानाही उत्तर देऊ शकते. 'कशी आहेस? काय चाललंय आयुष्यात?' याला मात्र चार वर्षांचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून ती 'रात्री निवांत लिहू' म्हणून बाजूला ठेवते, आणि ती निवांत रात्र येत नाही. जुन्या मैत्रीत 'कशी आहेस' हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. तो तिसऱ्या-चौथ्या फेरीसाठी राखून ठेव.

स्टेटसला उत्तर देणं हलकं का, ते यातूनच दिसतं. विषय तिनं काढलेला आहे, तू फक्त त्यावर बोलतेयस. उत्तर सगळ्यांसमोर जात नाही, तिच्या एकटीच्या चॅटमध्ये जातं. आणि तिनं उत्तर दिलं नाही तरी कुणाचाच अपमान होत नाही, कारण स्टेटसवरच्या बोलण्याला उत्तर द्यायलाच हवं अशी कुणाची अपेक्षा नसते. आपण उत्तरात जास्त वजन घातलं की हा हलकेपणा जातो. 'सॉरी गं, इतके दिवस बोलले नाही, मला खूप वाईट वाटतं, मी वाईट मैत्रीण आहे' असं दह्याच्या फोटोखाली आलं तर तिला आधी तुझी समजूत काढावी लागते. दह्याचं बोलणं तिथंच राहतं.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, तिच्याबद्दल जरा मोकळं बोलते. "एकटीच गेलीस? आम्हाला विचारलंसुद्धा नाही!", "मोठ्या लोकांना आमची आठवण कुठून येणार", "विसरलीस ना?" हे प्रेमानंच म्हटलेलं असतं, आणि रोज भेटणाऱ्या मैत्रिणीला ते तसं कळतंही. पण मध्ये काही वर्षं गेली असतील तर लिहिलेल्या अक्षरांत आवाज नसतो, हसणं नसतं. तिला ते टोमण्यासारखं लागतं आणि ती सफाई द्यायला लागते: "अगं नाही गं, ऑफिसचा ग्रुप होता". सफाईनं सुरू झालेलं बोलणं पुढं सरकत नाही. तू हे टाळच. दुसरी सवय चौकशीची. "कधी गेलीस? कोण कोण होतं? गर्दी होती का? घाटात ट्रॅफिक?" एका मेसेजला एकच प्रश्नचिन्ह, हा नियम पाळ. दोन प्रश्न एकदम आले की माणूस सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसरा तसाच राहतो.

आता पुढचं. सुरुवातीच्या ओळीपेक्षा दुसरी ओळ महत्त्वाची असते, आणि माझ्या अनुभवात बरीचशी बोलणी तिथंच बुडतात. समज, तिचं उत्तर आलं: "चढून गं! अर्ध्यात दम लागला 😂 पण दही खाल्ल्यावर सगळं विसरले." पहिल्यांदा बोलायला निघालेली व्यक्ती इथं खूश होऊन "हाहा भारी" लिहिते. संपलं. किंवा घाबरून लगेच नवा विषय काढते, "आणि बाकी? जॉब कसा आहे?" म्हणजे तिनं जे दिलं ते हातात न घेता दुसऱ्याच गोष्टीकडे हात पुढं केला. हार्वर्डमध्ये कॅरेन ह्वांग यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ साली केलेल्या अभ्यासात, समोरच्याच्या उत्तरावरच आधारलेला पुढचा प्रश्न विचारणारी माणसं ऐकणाऱ्याला जास्त आवडतात असं दिसलं होतं. नवा विषय काढणारा प्रश्न ते काम करत नाही. म्हणून तिच्या दोन वाक्यांत तिनं काय काय ठेवलंय ते बघ. दम लागला, हे एक. दही खाल्ल्यावर विसरले, हे दुसरं. यांतलं एक घे आणि त्याला तुझं काहीतरी जोड: "मला तर आता तळजाई चढतानासुद्धा दम लागतो. आपण हॉस्टेलवरून गेलो होतो तेव्हा दर टप्प्याला ताकवाल्या मावशींपाशी बसत होतो, आठवतंय?"

इथं जुनी आठवण पहिल्यांदा आली, आणि ती दुसऱ्या ओळीत आली हे बरं झालं. पहिल्याच ओळीत 'आठवतंय का आपण' आलं असतं तर बोलणं लगेच गेलेल्या दिवसांकडे वळलं असतं, आणि तिच्या आजच्या सिंहगडाला काही किंमतच उरली नसती. आधी तिचा आजचा दिवस, मग तुमचे जुने दिवस, असा क्रम ठेव. आठवणही छोटी आणि दोघींची हवी. जिच्यात एखादी तिसरी मुलगी होती, किंवा जिचं पुढं काही बिनसलं, अशी आठवण पहिल्या दिवशी काढू नये.

समज, ती म्हणाली, "हो!! आणि तू स्लीपर घालून आली होतीस 🤣". आता तुझ्या मनात सगळं एकदम बोलायची उर्मी येईल. ती आवर. दोन-तीन वेळा इकडून तिकडे झालं, दोघी हसलात, की तिथं गोड थांबायचं: "त्या स्लीपरची एक पट्टी अजून गडावर असेल! चल, मला आता स्वयंपाकाला लागायचंय, पण आज तुझ्याशी बोलून बरं वाटलं." बोलणं संपवलंस तू, पण कारण सांगून आणि आनंदानं. असं केलं की पुढच्या वेळी तुझं नाव स्क्रीनवर आल्यावर 'आता तासभर जाणार' असं तिला वाटत नाही. उलट ओढून ताणून चालवलेलं बोलणं शेवटी 'हम्म', 'हो ना', 'चल' यांवर येऊन संपतं, आणि दोघींच्याही मनात तो शेवटच राहतो.

पाठवताना बोट अडतं ना? त्यावर एक फार सोपा उपाय आहे. लारा अॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना एका जुन्या मित्राला निरोप लिहायला सांगितलं होतं. त्यांना बोलायची इच्छा होती, मित्राला आवडेल असंही वाटत होतं, नंबर होता, लिहायला वेळ दिला होता. तरीही एक तृतीयांशाहून कमी लोकांनी तो निरोप खरोखर पाठवला. मग त्यांनी काही जणांना आधी तीन मिनिटं सध्याच्या, रोजच्या ओळखीच्या माणसांना मेसेज करायला सांगितले आणि नंतर जुन्या मित्राकडे वळवलं. त्या गटात साधारण निम्म्या लोकांनी निरोप पाठवला. मी आता हे सगळ्यांना करायला सांगते. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या, मावसबहिणीच्या, शेजारच्या काकूंच्या स्टेटसला आधी उत्तर दे, वर सांगितलं तसंच, एक नेमकी गोष्ट आणि एक सोपा प्रश्न. हात सैल होतो. मग त्याच ओघात रूममेटला पाठव. खोडाखोड करत बसलीस तर परवासारखं होईल, म्हणून लिहिल्यावर एकदा वाचायचं आणि पाठवायचं.

वेळेचं म्हणशील तर रात्री साडेअकराला पाहिलेल्या फोटोला रात्रीच उत्तर द्यायची गरज नाही. सकाळी स्टेटस बहुतेक वेळा अजून असतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी लिहिलेलं बरं. पाठवल्यावर दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही, असं होईल. होऊ दे. प्रश्नचिन्ह पाठवू नकोस, 'बिझी का?' विचारू नकोस, आणि घाबरून मेसेज डिलीट तर मुळीच करू नकोस. 'हा मेसेज डिलीट केला' ही ओळ मागं राहते आणि तिला वाटतं काहीतरी विशेष घडलं. तिनं चार दिवसांनी "अगं आत्ता बघितलं" असं लिहिलं तर उशिराबद्दल एक अक्षरही न बोलता दह्यावरच बोल.

उत्तर अजिबात आलं नाही तर दोन-तीन आठवडे जाऊ दे आणि वेगळ्या प्रकारच्या एखाद्या स्टेटसला पुन्हा एकदा लिही. तेव्हाही काही नाही, किंवा प्रत्येक वेळी नुसता अंगठा आला, तर थांब. तिच्याकडे सध्या जागा नाही इतकंच समजायचं. तिचं घर, आजारपण, कामाचा ताण, काहीही असू शकतं, आणि ते फोटोंत दिसत नाही. चांगल्या खुणाही ओळखायला शीक. तू विचारलं नव्हतंस तेही ती सांगते. स्टेटसमध्ये नसलेला दुसरा एखादा फोटो तुला पाठवते. उलट प्रश्न विचारते. यांतली एकही गोष्ट झाली तर तिला बोलायचंय. उत्तर किती लवकर आलं यावरून मात्र काहीही ठरवू नकोस. तो तिच्या दिवसाचा प्रश्न असतो, तुमच्या मैत्रीचा नसतो.

आता सगळ्याच स्टेटसना उत्तर देत सुटायचं का? नाही. रोज दोन वेळा तुझं उत्तर यायला लागलं तर तिला फोटो टाकतानाच 'आता हिचं येईल' असं वाटेल. सुरुवातीला आठवड्यातून एकदा पुष्कळ झालं. आणि निवड कर. तिनं स्वतः काढलेला, स्वतःच्या दिवसातला फोटो सगळ्यात चांगला. खाणं, झाड, गडाची वाट, ढोलपथकाचा सराव, पोराचा शाळेतला पहिला दिवस. सुविचार, 'शुभ सकाळ', सणाच्या छापील शुभेच्छा यांत ती स्वतः नसते, म्हणून त्यांवर बोलणं उभं राहत नाही. ती जर घरून काही विकत असेल, साड्या किंवा दिवाळीचा फराळ, तर त्या स्टेटसवरचं उत्तर तिला आधी ऑर्डर वाटतं. 'चकली छान दिसतेय, किती किलो केलीस?' असं विचारलंस तर ती दर पाठवेल. घ्यायचीच असेल तर सरळ अर्धा किलो सांग, त्यातून भेटही होईल. नसेल घ्यायची तर त्या स्टेटसवर बोलू नकोस.

दुःखाच्या स्टेटसला हे काहीच लागू नाही. कुणी गेल्याचं, श्रद्धांजलीचं स्टेटस दिसलं आणि माणूस जवळचं असेल तर फोन करावा किंवा जाऊन यावं. तिथं फोटोतली नेमकी गोष्ट शोधायची नसते. 'काही माणसं गरजेपुरतीच असतात' अशी कोड्यातली ओळ दिसली तर 'कुणाबद्दल गं?' असं विचारू नये. ती ओळ सांगायला नाही तर सावरायला टाकलेली असते. "स्टेटस वाचलं. बरी आहेस ना? आज सातनंतर मी मोकळी आहे, वाटलं तर फोन कर" एवढं लिहावं आणि खरंच सातनंतर फोन जवळ ठेवावा. जगणं नको झाल्यासारखं काही लिहिलेलं दिसलं तर मेसेज करत बसू नये, लगेच फोन लावावा, तिच्या घरच्यांना गाठावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथं मराठीत बोलता येतं.

तू स्वतः काही टाकत नाहीस, ही गोष्ट तुझ्या पत्राच्या शेवटी आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. आत्ता सगळी सुरुवात तुलाच करावी लागतेय, कारण तिला तुझ्याशी बोलायचं झालं तर तिच्याकडे निमित्तच नाही. आठवड्यातून एखादा फोटो टाक. सजवलेला नको. वारज्यातल्या बाल्कनीतून दिसणारा पाऊस, फसलेली पुरणपोळी, मंडईतून आणलेल्या हुरड्याच्या कणसांची पिशवी. खाली एक ओळ लिही जिच्यावर कुणालाही काहीतरी म्हणता येईल: 'हुरडा आणलाय, पण भाजायचा कशावर?' तिनं त्यावर लिहिलं तर ती सगळ्यात मोठी खूण समज. सगळ्यांना दाखवायला संकोच वाटत असेल तर निवडक माणसांनाच दिसेल असंही ठेवता येतं. सुरुवातीला चार-पाच जणींनाच दाखव, त्यांत तिचं नाव घाल. निळ्या खुणा बंद करून लपून बघायचा मोह होईल, तो टाळ. त्या बंद केल्या की तुझं नाव तिच्या यादीत दिसत नाही हे खरं, पण तुझं स्टेटस कोणी बघितलं हे तुलाही कळणं थांबतं.

अशा तीन-चार फेऱ्या झाल्या आणि त्यांतली एखादी तिनं सुरू केली, की भेटायचं विचार. 'भेटू या कधीतरी' असं लिहिशील तर दोघीही 'हो नक्की' म्हणाल आणि ते तसंच राहील. दिवस, जागा आणि तिला सहज नाही म्हणता येईल अशी वाट, हे तिन्ही त्यात असू दे: "येत्या किंवा त्यापुढच्या रविवारी सकाळी मी औंधला येऊ शकते, दोघींना मधे पडेल. तास-दीड तास चहा-नाश्ता करू. या महिन्यात जमत नसेल तर पुढच्या महिन्यात बघू, घाई नाही." सिंहगडाचं आमंत्रण लगेच देऊ नकोस. पायथ्यापासून वर जाऊन परत यायचं म्हणजे सगळी सकाळ जाते, आणि चार वर्षांनी भेटणाऱ्या दोघींना पहिल्या भेटीत तेवढा वेळ लांब वाटू शकतो. दम लागल्यावर बोलणंही होत नाही. तिनंच जर म्हटलं, "पुढच्या वेळी तूही चल ना", तर मात्र तारीख विचार, आणि या वेळी बूट घालून जा.